खुर्चीत बसून बोलणारी माणसं

‘कार्यालयातले कर्मचारी एकेकटे खुर्चीत बसून कॅमेऱ्यासमोर बोलतात, त्यांचा रोजचा दिवस दाखवला जातो आणि प्रसंगांतून अवघडलेला विनोद घडतो. हा कोणता प्रकार?’ पर्याय चार : माहितीपट, मॉक्युमेंटरी, रिअ‍ॅलिटी शो, सिटकॉम.

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मंडळाची गणपतीत प्रश्नमंजुषा असते. यंदा प्रश्न काढायचं काम माझ्या भाच्याकडे आलं. पोरगा इंजिनिअरिंगला आहे, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर मालिका बघतो, त्यामुळे मनोरंजनाच्या फेरीतले प्रश्न त्याने चुटकीसरशी काढले. अडलं ते तपासणीत. कमिटीत एक निवृत्त सर आहेत. त्यांनी हा प्रश्न वाचला आणि ठणकावून सांगितलं, “मुलाखती आहेत ना? खऱ्या ऑफिसातली माणसं आहेत ना? मग माहितीपट. दुसरं उत्तर असूच शकत नाही.” भाचा म्हणाला, “सर, मॉक्युमेंटरी.” सर म्हणाले, “असला शब्द मी आयुष्यात ऐकला नाही.” मग दोघंही माझ्याकडे आले, कारण घरात असल्या मालिका बघत बसणारा दुसरा उनाड माणूस मीच.

मॉक्युमेंटरी म्हणजे लिहिलेली, नटांनी केलेली, पण माहितीपटासारखी दिसणारी गोष्ट. तेवढं सांगून सरांना मोडीत काढणं सोपं होतं. पण नीट बघितलं तर त्यांच्या म्हणण्यात दम होता. खुर्चीतली मुलाखत ही मॉक्युमेंटरीची स्वतःची वस्तूच नाही. ती तिने माहितीपटाकडून उचलली आहे, आणि उचलताना खूण पुसलेली नाही. तेव्हा ती दिसली की ‘मॉक्युमेंटरी!’ असं ओरडणं आणि ‘माहितीपट!’ असं ओरडणं सारखंच घाईचं.

आधी ही उचलेगिरी कुठून झाली ते सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. १९९०च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनच्या टीव्हीवर एका प्रकाराची लाट आली होती. खरोखरची विमानतळं, हॉटेलं, ड्रायव्हिंग स्कूल अशा जागी कॅमेरा घेऊन जायचं, तिथल्या चार-पाच बोलक्या माणसांना पकडायचं आणि आठवड्याला एक भाग असं त्यांचं आयुष्य दाखवायचं. तिकडे याला डॉक्युसोप म्हणत. बीबीसीचं ‘एअरपोर्ट’ १९९६ला सुरू झालं, त्यात हीथ्रो विमानतळावरचे कर्मचारी होते. १९९७मध्ये ‘हॉटेल’ आलं, लिव्हरपूलच्या अ‍ॅडेल्फी हॉटेलवर. स्वयंपाकघरातली भांडणं, मॅनेजरची तणतण, मधेच कुणीतरी कॅमेऱ्याला आपली बाजू समजावून सांगतोय. त्याच वर्षी ‘ड्रायव्हिंग स्कूल’ आलं, आणि गाडी शिकताना पुनःपुन्हा नापास होणारी एक बाई त्या देशात घराघरांत माहीत झाली. या तिन्हींत मुलाखती आहेत, कामाची जागा आहे आणि बघताना अंग चोरावंसं वाटेल असा अवघडलेपणाही भरपूर आहे. आणि तिन्ही खरे आहेत, माणसं खरी, पगारही खरा.

ही लाट ओसरताना, २००१मध्ये, बीबीसी टूवर ‘द ऑफिस’ आलं. रिकी जर्वेस आणि स्टीफन मर्चंट या दोघांनी लिहिलेलं आणि दिग्दर्शित केलेलं. स्लाऊ नावाच्या गावातली कागद विकणारी एक कंपनी, तिचा स्वतःला फार गमत्या समजणारा साहेब, आणि त्याचे विनोद सोसणारे कर्मचारी. हसण्याचा ध्वनिमुद्रित आवाज नाही, पार्श्वसंगीत नाही, हलता कॅमेरा, आणि मधेमधे खुर्चीतल्या मुलाखती. तेव्हाच्या प्रेक्षकाला हा सगळा नूर ओळखीचा होता, कारण त्याने चार वर्षं तेच बघितलं होतं. तेव्हा सरांनी ‘माहितीपट’ म्हटलं यात नवल काय? ती मालिका मुद्दाम तशीच दिसावी म्हणून बनवली होती.

मग फरक कशावरून करायचा? पडद्यावर बघताना करायचा असेल तर एक गोष्ट, आणि प्रश्नपत्रिकेतली दोन वाक्यं वाचून करायचा असेल तर दुसरी. आधी पडद्याचं सांगतो.

मी अक्कलकोट रोडवरच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम बघतो. मध्यंतरी आमच्याकडे दोन पोरं कॅमेरा घेऊन आली होती. सोलापूरच्या कापडधंद्यावर छोटा माहितीपट करत होती. शेठना ऑफिसात खुर्चीत बसवलं, शर्टाला कॉलर माइक लावला. पहिल्याच वाक्याला अडलं : बाहेर लूम चालू, आणि पॉवरलूमची खडखड अशी की माइकमध्ये शेठचा आवाज शोधावा लागेल. मग सुपरवायझरला सांगून जवळची चार लूम बंद केली. कॅमेऱ्यातला पोरगा म्हणाला, “शेठ, आमचा प्रश्न नंतर कापला जाणार आहे. त्यामुळं उत्तरात प्रश्न घेऊन बोला. नुसतं ‘१९८०पासून’ म्हणू नका, ‘आमचा कारखाना १९८०पासून चालू आहे’ असं म्हणा.” शेठनी मान डोलावली आणि पुढच्या प्रश्नाला पुन्हा म्हणाले, “साठ.” काय साठ? लूम साठ. परत घेतलं. तिसऱ्या खेपेला शेठनी लेन्सकडं बघत विचारलं, “इकडं बघू की तुमच्याकडं?” ते सगळं रेकॉर्ड होत होतं.

नंतर शेठ छान बोलले. “आमच्याकडं सगळे घरच्यासारखे राहतात,” असं म्हणाले, आणि ते म्हणत असताना मागच्या काचेतून मला दिसत होतं की आमचा वाइंडिंगवाला सुपरवायझरशी हातवारे करून भांडतोय. ज्या चार लूम बंद केल्या, त्यांच्यावरच्या कामगारांचं पीसवर काम. तेवढा वेळ गेला, त्याचे पैसे कोण देणार, हा वाद. कॅमेऱ्यात ते आलं नाही. कॅमेरा एकच होता, आणि तो शेठच्या चेहऱ्यावर लावलेला होता.

हाच प्रसंग ‘द ऑफिस’वाल्यांनी लिहिला असता तर? शेठ “घरच्यासारखे” म्हणतात, आणि त्या शब्दावरच कापून थेट वाइंडिंगवाल्याचं भांडण. भांडण संपतं न संपतं तोच परत शेठचा समाधानी चेहरा. मग वाइंडिंगवाला खुर्चीत, त्याची मुलाखत : “घरचेच आहेत. घरी पण मला कोण पैसे देत नाही.” इथे हशा.

मॉक्युमेंटरीची खरी गाठ या जोडणीत आहे. तिच्यात मुलाखत आणि प्रसंग एकमेकांना खोटं पाडायला बसवलेले असतात. माणूस बोलतो एक, लगेच दिसतं दुसरं, आणि हे एकदा घडून थांबत नाही. भागभर, ठेक्यात, घड्याळ लावल्यासारखं घडत राहतं. माहितीपटातही संकलक अशी गंमत करतो, ‘हॉटेल’मध्ये ती होतीच. पण त्याला मिळालेल्या चित्रफितीवर भागवावं लागतं. दर दोन मिनिटांनी नेमकं हवं तेच विसंगत दृश्य त्याच्या हाताला लागेल, अशी त्याची नशिबं नसतात. माहितीपटात बोलण्यावर जी दृश्यं येतात, ती बहुतेकदा मुलाखत झाल्यावर घेतलेली असतात, आणि त्यांचं काम साधं असतं : बोलणं जिथे कापलंय तिथला झटका झाकणं. आमच्याकडेही त्या पोरांनी शेठची मुलाखत आटोपल्यावर तासभर फिरून बॉबिन, ताणा, किनारीवर फिरणारी कात्री, गठ्ठे बांधणारे हात असं सगळं टिपून घेतलं. या तुकड्यांना कटअवे म्हणतात. शेठच्या बोलण्यावर ते कुठेही चिकटतील, कुणालाही खोटं पाडणार नाहीत.

दुसरी खूण कॅमेरा कुठे उभा आहे यात असते. मला वाटतं, प्रश्नमंजुषेतल्या पोरांना कोणी ही शिकवत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

‘द ऑफिस’च्या अगदी पहिल्या भागात शेवटाकडे एक प्रसंग आहे. साहेबाच्या केबिनमध्ये एक नवा, तात्पुरता लागलेला पोरगा बसला आहे. साहेब रिसेप्शनवरच्या मुलीला आत बोलावतो आणि गंभीर चेहऱ्याने सांगतो की तू चिकटपट्टीच्या चिठ्ठ्या चोरल्यास, तुला कामावरून काढावं लागणार. ती आधी हसते, मग तिला खरं वाटायला लागतं, मग ती रडते. साहेबाचा बेत होता की नव्या पोरासमोर एक झकास चेष्टा करून दाखवायची. चेष्टा फसते, आणि ती रडत असताना साहेबाला समजत नाही की आता बाहेर कसं पडायचं. अमेरिकेत २००५ला या मालिकेची स्वतंत्र आवृत्ती सुरू झाली, तिच्याही पहिल्या भागात हाच प्रसंग आहे.

आता समजा हे खरं घडतंय आणि तुम्ही माहितीपट करायला गेला आहात. केबिन छोटी. आत तीन माणसं, शिवाय तुम्ही, तुमचा कॅमेरा आणि लांब काठीला माइक लावून उभा असलेला ध्वनिवाला. साहेब बोलायला लागला. कॅमेरा कुणावर ठेवाल? साहेबावर ठेवला तर मुलीचा चेहरा उतरतो ते चुकलं. मुलीवर ठेवला तर नव्या पोराची खुर्चीत चुळबुळ चुकली. वळवायचा म्हटलं तर कुणाच्या बोलण्यावर वळवायचा हे आधी माहीत नाही, त्यामुळे कॅमेरा पोचेपर्यंत क्षण गेलेला असतो. खऱ्या माहितीपटात हे चुकणं दिसतं. आवाज येतो, चेहरा उशिरा येतो. कधी दारच बंद होतं आणि काचेवरचं प्रतिबिंब घेऊन भागवतात. मॉक्युमेंटरीत मात्र साहेबाचं वाक्य, मुलीचे डोळे आणि पोराचं अवघडणं, तिन्ही ज्या क्षणाला हवं त्या क्षणाला मिळतं. कॅमेरा थोडा हलतो, थोडा उशिरा वळतो, पण महत्त्वाचं काही त्याच्या हातून सुटत नाही. कुठे काय घडणार हे कॅमेरावाल्याने संहितेत वाचलेलं आहे, त्यामुळे त्याचा उशीरसुद्धा बेतलेला असतो.

आणखी एक. खरा दिग्दर्शक त्या केबिनमध्ये असता तर साहेबाने ही चेष्टा करायचं ठरवलंय हे त्याला बहुधा आधी कळलं असतं, आणि मग तो त्या मुलीच्या रडण्याचा भागीदार झाला असता. त्यानंतर तिने परवानगीच्या कागदावर सही केली असती का? खऱ्या माणसाला नंतर आपलं म्हणणं मांडता येतं, तक्रार करता येते, ते दृश्य दाखवू नका म्हणता येतं. कल्पित पात्राची कितीही शोभा केली तरी कुणी वकील गाठत नाही. म्हणून मॉक्युमेंटरीतला साहेब ज्या थराला जातो, त्या थराला माहितीपटातला साहेब कॅमेरा चालू असताना सहसा जात नाही. आमचे शेठ त्या दिवशी तासभर एकालाही ओरडले नाहीत. मी तिथे काम करायला लागल्यापासून असं झालेलं नव्हतं.

या मालिकेच्या लेखकांना हे चांगलं माहीत होतं. २००३च्या नाताळला आलेल्या शेवटच्या विशेष भागांत त्यांनी असं दाखवलं की तो ‘माहितीपट’ टीव्हीवर लागून गेला आहे, आणि साहेब तक्रार करत फिरतोय की संकलनात मला मूर्ख ठरवलं. डॉक्युसोपमधल्या खऱ्या माणसांची तक्रारच त्याच्या तोंडी घातली. अमेरिकन आवृत्ती २०१३पर्यंत चालली, तिच्या शेवटच्या पर्वात तर इतकी वर्षं कॅमेऱ्यामागे असलेला ध्वनिवाला थेट पडद्यावर येतो आणि एका पात्राला धीर देतो.

तिसरी गोष्ट लोक फार सांगतात : कॅमेऱ्याकडे बघणं. ‘पात्र लेन्सकडे बघून भुवई उडवतं, म्हणजे मॉक्युमेंटरी.’ हे अर्धंच खरं आहे. आमचे शेठही लेन्सकडे बघत होते, कारण त्यांना कळत नव्हतं कुठं बघायचं. खऱ्या मुलाखतीत माणूस बहुधा लेन्सच्या जरा बाजूला बसलेल्या प्रश्नकर्त्याकडे बघून बोलतो. मॉक्युमेंटरीतही तसाच बसतो. फरक मधल्या प्रसंगातल्या नजरेत आहे. तिथे मालिकेतलं पात्र साहेबाचं बाष्कळ वाक्य संपल्याच्या नेमक्या क्षणी तुमच्याकडे बघतं, ‘ऐकलंत ना?’ म्हणून. ती नजर हशाच्या जागी बसवलेली असते. खरा माणूस लेन्सकडे बघतो तेव्हा तो बावरलेला तरी असतो, नाहीतर ‘आता पुरे करा’ म्हणत असतो.

आणि एक खूण जी मी मुळीच मानत नाही : ‘यातलं काही मुद्दाम घडवून आणलेलं आहे, म्हणजे मॉक्युमेंटरी.’ वर सांगितलेल्या ‘ड्रायव्हिंग स्कूल’मध्ये ती बाई पहाटे उठते आणि नवऱ्याला जागं करून वाहतुकीच्या नियमांची उजळणी घेते, असं दृश्य होतं. ते पुन्हा घडवून घेतलेलं होतं, हे नंतर बाहेर आलं आणि तेव्हा बरीच ओरड झाली. पण बाई खरी, परीक्षा खरी, नापास होणं खरं. घडवून घेतलेल्या दृश्यामुळे तो माहितीपट अप्रामाणिक ठरेल, मॉक्युमेंटरी ठरणार नाही. मॉक्युमेंटरीला आधी कल्पित माणसं लागतात, म्हणजे लिहिणारा लागतो आणि नट लागतात. शंका आली तर शेवटची नामावली थांबवून वाचावी. ‘लेखन’ आणि पात्रापुढे नटाचं नाव अशी दोन खाती तिथे दिसली की वाद मिटला. आमच्याकडच्या पोरांनी केलेल्या माहितीपटात शेठच्या नावापुढे शेठचंच नाव येणार, दुसरं कुणाचं?

एवढं सगळं सरांना मी गच्चीवर बसून सांगितलं. भाचीने कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणून ठेवली होती. सरांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “हे सगळं बरोबर आहे. पण प्रश्नात यातलं काय लिहिलंय? नामावली लिहिली नाही, कॅमेरा कुठे उभा आहे ते लिहिलं नाही. मुलं काय, पडदा बघणारेत का? दोन ओळी वाचणारेत.”

सर शिकवायचे तेव्हा पेपर तपासताना कसे असतील याची कल्पना आली. मुद्दा बिनतोड होता. तेव्हा दोन ओळींवरूनच उत्तर कसं काढायचं ते आम्ही तिघांनी बसून लावलं.

प्रश्नातली एकेक खूण एकेक पर्याय उडवण्यासाठी वापरायची. खुर्चीतल्या मुलाखती आहेत, म्हणून साधा सिटकॉम, म्हणजे नेहमीची विनोदी मालिका, गेला. साध्या सिटकॉममध्ये पात्रांना आपल्यासमोर कॅमेरा आहे हेच ठाऊक नसतं, मग ती मुलाखत कुणाला देणार? कार्यालयातला रोजचा दिवस आहे, कुणी बाहेर पडत नाही, मतदान नाही, बक्षीस नाही, म्हणून रिअ‍ॅलिटी शो मागे पडला. हा पर्याय पोरांना हमखास चकवतो, कारण ‘बिग बॉस’मध्येही माणूस एका खोलीत एकटा बसून कॅमेऱ्याशी बोलतो. राहिले माहितीपट आणि मॉक्युमेंटरी. इथे ‘विनोद घडतो’ हे शब्द बघायचे. माहितीपटाची ओळख करून देताना कुणी ‘यात अवघडलेला विनोद आहे’ असं सहसा म्हणत नाही. ‘विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांचं काम दाखवलं आहे’ असं म्हणतात, आणि हसू आलं तर तो प्रेक्षकाचा प्रश्न. विनोद हे ज्याचं ठरवून केलेलं काम आहे, त्याच्याच वर्णनात विनोद येतो. म्हणजे उत्तर मॉक्युमेंटरी. दोन खुणा एकत्र आल्या म्हणून ते निघालं. एकटी मुलाखत सांगितली असती तर सरांचं उत्तर पाडता आलं नसतं.

भाचा खूश. सर नाहीत. “सहसा म्हणत नाही, हे तुमचं मत झालं,” ते म्हणाले. “एखाद्याने तुमचं ते हॉटेल बघितलं आणि लिहिलं की यात अवघडलेला विनोद आहे, तर? तुम्हीच सांगितलंत की आहे म्हणून.”

हे खरंच होतं. वर्णन कुणाच्या लेखणीतून उतरलंय यावर सगळं टांगलेलं. तेव्हा भाच्याला प्रश्न दुरुस्त करायला सांगितला. एका शब्दाने काम होतं : ‘कर्मचारी’च्या जागी ‘कर्मचाऱ्यांची पात्रं’. पात्रं म्हटलं की लेखक आला. नाहीतर याहून चांगली, जरा खट्याळ युक्ती आहे. प्रश्नातच असं लिहायचं : ‘माहितीपट करणारी एक टीम एका कार्यालयात चित्रीकरण करते आहे…’ पोरं ‘माहितीपट’ हा शब्द वाचतात आणि त्याच पर्यायावर बोट ठेवतात. खरं तर तोच शब्द उलट दिशेला बोट दाखवतो. चित्रीकरण करणारी टीम जर गोष्टीतच आहे, कथानकाचा भाग म्हणून तिचा उल्लेख होतोय, तर ती टीमसुद्धा लिहिलेली आहे. खऱ्या माहितीपटाची ओळख देताना आपण विषय सांगतो. ‘एक टीम विणकरांचं चित्रीकरण करते’ असं म्हणत नाही, ‘विणकरांवरचा माहितीपट’ म्हणतो. २०२१ला सुरू झालेली ‘अ‍ॅबट एलिमेंटरी’ ही मालिका घ्या. फिलाडेल्फियातली पैशाची ओढाताण असलेली सरकारी शाळा, तिथले शिक्षक, आणि त्यांच्यावर माहितीपट करायला आलेली टीम. या मालिकेच्या वर्णनात ती टीम अनेकदा येते, आणि वर्णनातलं तिचं असणं हाच सगळ्यात पक्का पुरावा.

पण या पुराव्यालाही मर्यादा आहे. ‘पार्क्स अँड रिक्रिएशन’ किंवा ‘मॉडर्न फॅमिली’ या मालिका २००९ला आल्या, त्यांतही खुर्चीतल्या मुलाखती भरपूर आहेत, पण चित्रीकरण कोण करतंय, कशासाठी करतंय, हे तिथे समजावत बसत नाहीत. प्रेक्षकाला रीत पाठ झाली, तसं कारण द्यायची गरज संपली. २०१९ला हॉटस्टारवर आलेली ‘द ऑफिस’ची हिंदी आवृत्ती बघा : फरिदाबादची कंपनी, साहेब जगदीप चड्ढा. आपल्याकडे डॉक्युसोपची ती लाट कधी आलीच नव्हती. ज्याची नक्कल चालली आहे ते मूळ आपल्या प्रेक्षकाने बघितलेलं नाही, नक्कल मात्र थेट घरात आली. सरांसारख्या माणसाला खुर्चीतली मुलाखत दिसली की जुन्या सरकारी माहितीपटांची आठवण येते, भाच्याला ‘द ऑफिस’ची. दोघं एकच दोन ओळी वाचत होते.

शिवाय खऱ्या माहितीपटाला मुलाखत लागतेच असंही नाही, हे मी सरांना शेवटी सांगितलं, कारण त्यांची पहिली खूणच ती होती. अमेरिकेत फ्रेडरिक वाइजमन यांनी शाळा, इस्पितळ, सरकारी मदत कार्यालय अशा संस्थांवर अनेक वर्षं माहितीपट केले. १९६८चा ‘हाय स्कूल’, १९७५चा ‘वेल्फेअर’. त्यांत कुणी खुर्चीत बसून बोलत नाही, निवेदक नाही, नावाची पट्टी नाही. कार्यालयातला रोजचा अवघडलेपणा तासन्‌तास दिसतो. प्रश्न काढणाऱ्याने ‘मुलाखती नाहीत’ असं लिहिलं तर सर त्याला माहितीपट म्हणतील का?

“म्हणेन,” सर म्हणाले. “आता म्हणेन.”

मग ते जरा सरसावून बसले. त्यांच्या डोक्यात दुसराच प्रश्न शिजत होता. आपल्या सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांवर व्ही. शांताराम यांनी १९४६ला चित्रपट काढला, माणूस खरा, तो चीनला गेला हे खरं, तिथेच वारला ते खरं. मग तो माहितीपट का नाही? याचं उत्तर भाच्याने दिलं : नटांनी केलेलं आहे आणि तसं करतोय हे कुठेही लपवलेलं नाही, म्हणून चरित्रपट. मॉक्युमेंटरी खोट्या माणसांना माहितीपटाचे कपडे घालते. चरित्रपट खऱ्या माणसाला नटाचा चेहरा देतो. सरांना हे आवडलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं.

मी म्हटलं, आता यात बसत नाही असा एक सांगतो. पीटर वॉटकिन्स यांनी बीबीसीसाठी ‘द वॉर गेम’ केला. ब्रिटनवर अणुबॉम्ब पडला तर काय होईल ते त्यात बातमीपटासारखं दाखवलं आहे. हलता कॅमेरा, रस्त्यावरच्या मुलाखती, निवेदन, सगळं. पण हल्ला झालेलाच नव्हता, सगळं रचलेलं. हसण्यासारखं मात्र त्यात काही नाही. बीबीसीने तो १९६५ला दाखवायचं टाळलं आणि १९८५पर्यंत टीव्हीवर दाखवला नाही. मधल्या काळात तो चित्रपटगृहांत लागला आणि त्याला ऑस्कर मिळालं. कुठल्या गटात? सर्वोत्तम माहितीपट.

सर बराच वेळ गप्प. भाचा म्हणाला, “मामा, हा फायनलला घालू का?”

“घाल की,” सर म्हणाले. “पण उत्तरपत्रिकेत काय लिहिणार बे तू?”

बराच खल झाला. शेवटी प्रश्न बदलून लिहायचं ठरलं : ‘ब्रिटनवरच्या रचलेल्या अणुहल्ल्यावरच्या कोणत्या चित्रपटाला माहितीपटाचं ऑस्कर मिळालं?’ असा विचारला की उत्तर एकच राहतं. प्रकार कोणता, हे विचारायचंच नाही. पहिल्या प्रश्नात ‘पात्रं’ हा शब्द घातला, सिटकॉमचा पर्याय काढून तिथे चरित्रपट टाकला, कारण मॉक्युमेंटरी असलेली मालिका सिटकॉमही असतेच आणि एखाद्या हुशार पोराने तसं भांडण काढलं तर कमिटीला गुण द्यावे लागले असते. सरांनी त्याच्याखाली पेन्सिलीने सही केली, आणि भाच्याला बजावलं की उद्या खेळाच्या फेरीचे प्रश्न आण, त्यातही मला शंका आहेत.